आवाज गेला, तारीख तोंडावर: कार्यक्रम रद्द कसा कळवायचा आणि विसार कसा परत करायचा

मी एका गायिकेच्या तारखा सांभाळतो. त्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो. शनिवारी संध्याकाळी सातला त्यांचा कार्यक्रम होता आणि बुधवारी रियाझात तार षड्जाला जाताना आवाज मधेच सुटला. दुखलं नाही, खोकला नाही, ताप नाही. नुसता सुटला. पुन्हा लावून पाहिला तर वर नुसती हवा. त्यांनी तानपुरा बंद केला आणि वहीवर लिहिलं, ‘शनिवारचं काय?’

तिथपासून आयोजकाच्या खात्यात पैसे परत जाईपर्यंत जेमतेम एक दिवस गेला. या एका दिवसात काय, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शब्दांत करायचं, तेवढंच इथे सांगतो. उदाहरण गायनाचं आहे. वादक, नट, नर्तक, निवेदक यांच्या बाबतीत आजार बदलेल, पायऱ्या बदलणार नाहीत.

आधी डॉक्टर, मग निर्णय

आजारी पडल्यावर कलाकाराची पहिली चूक ठरलेली असते. तो स्वतःच स्वतःचा डॉक्टर होतो. ‘उद्यापर्यंत बरं वाटेल’ म्हणत दोन दिवस घालवतो आणि त्या दोन दिवसांची किंमत आयोजक मोजतो.

आवाजाच्या बाबतीत नुसतं ऐकून काही ठरत नाही. सर्दीतून आलेली स्वरयंत्राची सूज आणि स्वरतंतूत झालेला रक्तस्राव, दोन्हींत आवाज बसतो; पण दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा. साधी विषाणूजन्य सूज बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते आणि ती सौम्य असेल तर सोप्या पट्टीत, कमी वेळ गाता येईल का याचा विचार तरी करता येतो. रक्तस्रावात तो विचारच नको. जोरात गाताना, ओरडताना किंवा खोकताना स्वरतंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटते, आवाज अचानक जातो, आणि बहुतेकदा वेदना होत नाही. म्हणूनच माणूस फसतो. तसंच गात राहिलं तर तंतूवर कायमचा व्रण राहू शकतो. हे कळायला कान-नाक-घसा तज्ज्ञाने दुर्बीण घालून स्वरतंतू प्रत्यक्ष पाहावे लागतात. गुरुवारी सकाळी ताईंच्या उजव्या तंतूवर लाल डाग पडद्यावर स्वच्छ दिसला. डॉक्टरांनी दोन आठवडे गाणं बंद, पहिले काही दिवस बोलणंही बंद आणि नंतर पुन्हा तपासणी, असं सांगितलं. कुजबुजायचंसुद्धा नाही. अंग दुखलं म्हणून मनाने वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, कारण त्यांतल्या काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

डॉक्टरांकडे गेलात की तीन गोष्टी विचारूनच बाहेर या. ठरलेल्या दिवशी मी कला सादर करू शकेन का? नसेल तर किती दिवस नाही? आणि हे लिहून द्याल का? सूज उतरवायचं औषध देऊन ‘वेळ मारून नेता येईल का’ हेही लोक विचारतात. विचारायला हरकत नाही, पण उत्तर तपासणी झाल्यावरच मागा, फोनवरून नको.

प्रमाणपत्रात तपासणीची तारीख, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत सादरीकरण करू नये हे, आणि डॉक्टरांची सही-शिक्का एवढं असलं की झालं. आजाराचं नाव असलंच पाहिजे असं नाही. ते सांगायचं की नाही हा तुमचा प्रश्न. मात्र आयोजकाने कार्यक्रमाचा विमा काढलेला असेल तर विमा कंपनी वैद्यकीय कागद मागते आणि कधी कळलं, कधी कळवलं हेही विचारते. तेव्हा कागदावरची तारीख आणि तुमच्या पहिल्या फोनची वेळ जुळली पाहिजे.

नक्की माहीत नसेल तेव्हा

ताईंच्या वेळी तपासणीतच सोक्षमोक्ष लागला. पण साध्या तापात वा सुजेत डॉक्टरही ‘बघू’ म्हणतात. अशा वेळी गप्प बसायचं नाही आणि घाईने रद्दही करायचं नाही. आयोजकाला आज सांगायचं, ‘तब्येत बिघडली आहे, शक्यता निम्मी-निम्मी आहे, उद्या दुपारी बारापर्यंत पक्कं कळवते.’ ही बाराची वेळ तुमच्या सोयीने ठरवायची नसते. आयोजकालाच विचारा, ‘दुसरा कलाकार आणायचा किंवा जाहिरात थांबवायची तर तुम्हाला उशिरात उशिरा कधी कळलं पाहिजे?’ ते म्हणतील ती वेळ तुमची. त्या वेळेला अजून ‘बघू’च असेल, तर उत्तर ‘नाही’ आहे असं समजा.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी याच ताईंना ताप होता आणि आम्ही कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपर्यंत थांबलो. आयोजकांना त्रास नको, असंच आमच्या मनात होतं. सकाळी नऊला फोन केला तेव्हा मंडप सजलेला होता आणि बाहेरगावचे लोक निघालेले होते. ‘दोन दिवसांपूर्वी नुसतं शंका आहे म्हणाला असतात तरी चाललं असतं,’ एवढंच ते म्हणाले. पैसे आम्ही त्याच दिवशी परत केले. त्यांनी पुन्हा कधी बोलावलं नाही.

या बाबतीत १८७१ सालचा एक इंग्लिश खटला आहे, रॉबिन्सन विरुद्ध डेव्हिसन. एका नामांकित पियानोवादक बाई आजारी पडल्या, त्यामुळे ठरलेल्या मैफलीला जाऊ शकल्या नाहीत, आणि आयोजकाने दावा लावला. न्यायालय म्हणालं, हे काम त्याच व्यक्तीने करायचं होतं आणि ती आजारी पडली. करार मोडल्याची भरपाई मिळणार नाही. पण एका छोट्या रकमेपुरता आयोजक जिंकला. बाईंकडून कळवलं गेलं पत्राने, आणि ते पोचलं कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी. तार केली असती तर आयोजकाचा जो खर्च वाचला असता, तेवढा द्यावा लागला. म्हणजे आजार माफ झाला, उशीर नाही झाला. तेव्हा तार होती, आज फोन आहे.

पहिला फोन

प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. अकरा-वीसला मी गाडीतूनच फोन केला. घरी जाऊन, चहा घेऊन, नीट शब्द जुळवून मग, असं केलं नाही. आधी संदेश पाठवायचा आणि मागून फोन, असंही करू नका. संदेश कधी वाचला जाईल हे तुमच्या हातात नाही. शिवाय रद्द झाल्याची बातमी संदेशातून कळली की माणसाला ती तोंड चुकवल्यासारखी वाटते, आणि तसं वाटलं तर त्याचं चूक नाही.

फोन कलाकाराने स्वतः करावा. आमची अडचण अशी की ताईंना बोलायचीच बंदी. आयोजक मात्र हमखास म्हणतात, ‘जरा त्यांना द्या ना.’ अशा वेळी दोन शब्द घोगऱ्या आवाजात बोलून ‘ऐका, खरंच बसलाय’ असं पटवायचा मोह होतो. तो टाळा. आम्ही व्हिडिओ कॉल लावला. ताई समोर बसल्या, हात जोडले आणि वहीवर लिहिलेलं पान दाखवलं: ‘बोलायची मनाई आहे. शनिवारी येता येणार नाही. फार वाईट वाटतंय.’ पलीकडचे आयोजक, त्यांना आम्ही काका म्हणतो, क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, ‘अहो, तुम्ही लिहू पण नका, आराम करा.’

त्याआधीचं बोलणं असं झालं:

‘काका, नमस्कार. वाईट बातमी आहे म्हणून आधी तीच सांगतो. शनिवारी ताई गाऊ शकणार नाहीत. आत्ताच डॉक्टरांकडून निघालोय. स्वरतंतूला इजा आहे, दोन आठवडे गाणं पूर्ण बंद.’

‘अरे बापरे. पण शनिवारला अजून दोन दिवस आहेत ना? थोडं कमी गायल्या तर?’

‘नाही काका. थोडंही नाही. डॉक्टरांनी लेखी दिलंय, पाठवतो. आगाऊ दिलेली रक्कम आजच परत करतो. आणि आता तुमच्या बाजूने पहिलं काय थांबवायला लागेल ते सांगा, त्यात मी लगेच लागतो.’

पहिल्याच वाक्यात ‘नाही’ आलं पाहिजे. सुरुवात आजाराच्या कहाणीने केली की ऐकणारा शेवटपर्यंत ‘पण येतील बहुतेक’ अशा आशेवर राहतो. ‘थोडं कमी गायल्या तर’ हा प्रश्न येणारच, त्याचं उत्तर घरून ठरवून निघा. तिथे अडखळलात की निर्णय घासाघिशीला येतो. आणि पैशांचा विषय त्यांनी काढायच्या आत तुम्ही काढा. पैसे कसे मागायचे, हा संकोच त्यांच्या डोक्यावर राहू देऊ नका.

समोरचा चिडला तर ऐकून घ्यायचं. त्याचं नुकसान खरं आहे. ‘आमच्या पण किती तारखा गेल्या’ हे वाक्य त्या दिवशी उच्चारायचं नाही.

लेखी पत्र

फोन झाल्यावर तासाभरात लेखी गेलं पाहिजे. मेल पाठवा आणि त्याच मजकुराचा संदेशही पाठवा. ताईंनी पाठवलेलं पत्र नावं-तारखा गाळून देतो:

‘सप्रेम नमस्कार.

आज सकाळी साडेअकराच्या सुमारास फोनवर कळवलं, ते लेखी देत आहे. येत्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता आपल्याकडे ठरलेला माझा गायनाचा कार्यक्रम मला करता येणार नाही. काल रियाझाच्या वेळी माझ्या स्वरतंतूला इजा झाली. डॉक्टरांनी आज तपासून दोन आठवडे गाणं पूर्ण बंद ठेवायला सांगितलं आहे. प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे.

सभागृह ठरलं आहे, तिकिटं विकली गेली आहेत आणि आपण सगळे दोन महिने राबला आहात, याची मला जाणीव आहे. ऐन वेळी आपल्याला अडचणीत टाकल्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते.

आपण दिलेली आगाऊ रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात आज पूर्ण परत करत आहे. माझ्या साथीदारांना मी कळवलं आहे. त्यांचं कोणतंही देणं आपल्याकडे नाही.

रसिकांना काय कळवायचं तो मजकूर आपण ठरवावा. आपण जाहीर केल्यावरच मी माझ्याकडून जाहीर करेन.

आपली नम्र’

पत्रात ‘परंतु’ नाही, ‘दुर्दैवाने’ नाही, ‘परिस्थितीच अशी उद्भवली’ नाही. क्षमा एकदाच मागितली आहे आणि कशाबद्दल तेही सांगितलं आहे. ‘काही गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत’ असं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. झाली असल्यास? सभागृह रिकामं राहणार आहे, गैरसोय झालेलीच आहे. उलट टोकाची चूक म्हणजे पानभर रडणं. मग आयोजकालाच तुमची समजूत घालत बसावं लागतं आणि त्या दिवशी त्याला तेवढा वेळ नसतो.

पुढच्या तारखेबद्दल पत्रात अवाक्षर नाही, तेही मुद्दाम. ‘पुढच्या महिन्यात नक्की येते’ हे ऐकायला गोड लागतं, पण तंतू किती भरेल हे डॉक्टरांनाही तेव्हा माहीत नव्हतं. एकदा रद्द करून दिलेली दुसरी तारीखही मोडली तर क्षमेला काही अर्थ उरत नाही.

पैसे: किती, कधी, कसे

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ६५ खाली जी उदाहरणं दिली आहेत, त्यात जवळजवळ आपलाच प्रसंग आहे. एकाने मैफलीत गायचं कबूल केलं, एक हजार रुपये आगाऊ घेतले, आणि आजारी पडल्यामुळे गाऊ शकला नाही. कायदा म्हणतो, तो गायला असता तर दुसऱ्याला जो नफा झाला असता तो भरून द्यायला तो बांधील नाही. पण आगाऊ घेतलेले हजार रुपये त्याने परत केलेच पाहिजेत. दीडशे वर्षांपूर्वीचं हे उदाहरण दोन्ही बाजूंना उत्तर देतं. आयोजक ‘माझा सगळा तोटा भर’ म्हणू शकत नाही आणि कलाकार ‘विसार बुडाला’ म्हणू शकत नाही. सगळीकडे असंच आहे असं नाही. इंग्लंडच्या १९४३ च्या कायद्यात आगाऊ रक्कम परत मिळते, पण घेणाऱ्याचा त्या कामासाठी झालेला खर्च न्यायालयाला योग्य वाटल्यास तेवढा त्याच्याकडे राहू देता येतो. आणि कुठेही असलात तरी तुमच्या करारपत्रात रद्द होण्याबद्दल स्वतंत्र कलम असेल तर आधी ते वाचायचं. फोन करायच्या आधी वाचायचं, नंतर नाही.

आता हिशेब. ठरलेलं मानधन शंभर धरा. त्यातले चाळीस आगाऊ ठरले होते. देताना आयोजकाने चार कर म्हणून कापून घेतले, म्हणजे खात्यात आले छत्तीस. त्या छत्तिसांतले दहा आम्ही साथीदारांना आधीच दिले होते आणि सहा प्रवासाच्या तिकिटांत गेले होते. हातात उरले वीस. परत किती करायचे?

छत्तीस. वीस नाही. साथीदारांना दिलेले आणि तिकिटांचे पैसे हा ताईंचा आणि आमचा आपापसातला व्यवहार. आयोजकाचा त्याच्याशी संबंध नाही. तिकिटं रद्द करून जे परत आलं ते आमचं, जे बुडालं तेही आमचं. साथीदारांचे दहा आम्ही परत मागितले नाहीत. त्यांनीही ती संध्याकाळ राखून ठेवली होती, दुसरीकडचं काम नाकारलं होतं, आणि आजारी ते पडले नव्हते. कुणी स्वतःहून परत दिले तर घ्यावेत की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. आमच्या तबलजीने देऊ केले, ताईंनी घेतले नाहीत.

राहिले कराचे चार. आयोजकाने ते अजून भरले नसतील तर ते त्यांच्याकडेच आहेत, विषय मिटला. भरले असतील तर ते तुमच्या नावावर जमा होतात आणि वर्षाच्या हिशेबात तुम्हाला मिळतात, म्हणजे तेही शेवटी आयोजकाला द्यायला लागतात. हे त्याच दिवशी सुटत नाही. ‘कराच्या रकमेचं तुमच्या हिशेबनिसाशी बोलून ठरवू’ असं लेखी टाका, पण त्यासाठी छत्तीस अडवून ठेवू नका.

कधी परत करायचे, तर त्याच दिवशी. ‘हिशेब करून पाठवतो’ यात आठवडा जातो आणि आठव्या दिवशी आलेला पैसा मागून मिळवल्यासारखा होतो. एखाद्याकडे ती रक्कम खर्च होऊन गेलेली असते, हे मला माहीत आहे. तसं असेल तर तसं सांगा: आज एवढे देतो, उरलेले अमुक तारखेला. तारीख सांगितली की ती पाळा. यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे कार्यक्रम होईपर्यंत विसाराला हात न लावणं. मी ताईंसाठी वेगळं खातं उघडलं ते त्या जुन्या तापाच्या प्रसंगानंतर.

पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात गेले पाहिजेत. गुरुवारी दुपारी मला एका अनोळखी नंबरवरून संदेश आला, ‘मी समितीचा खजिनदार, परताव्याची रक्कम या खात्यात पाठवा.’ मी काकांना फोन केला. तो माणूस खरंच खजिनदार होता आणि खातं त्याच्या मुलाचं होतं. फसवणूक नव्हती, घाई होती. तरीही मी पैसे समितीच्याच खात्यात पाठवले, कारण उद्या समितीच्या वहीत ‘गायिकेकडून परतावा आला नाही’ असं राहिलं तर खुलासा मला करावा लागला असता. पाठवताना शेऱ्यात ‘अमुक तारखेच्या कार्यक्रमाची आगाऊ रक्कम परत’ लिहा, व्यवहार क्रमांक कळवा आणि ‘पूर्ण रक्कम मिळाली, येणं बाकी नाही’ एवढं उत्तर मागून घ्या. रोख घेतली असेल तर रोख द्या, पण पावतीवर सही घेऊनच.

काकांनी भलेपणाने म्हटलं, ‘राहू द्या हो तुमच्याकडे, पुढच्या वेळी वळते करू.’ हे स्वीकारू नका. पुढची वेळ कधी येईल माहीत नाही, तोवर समितीतली माणसं बदलतात आणि अडकलेला पैसा हळूहळू तुमच्या नावाला चिकटतो. आम्ही म्हणालो, ‘आज घ्या, पुढच्या वेळी नव्याने द्या.’ अगदीच आग्रह असेल तर नवी तारीख, मानधन आणि जमा असलेली रक्कम, तिन्ही लिहून दोघांनी मान्य करायचं.

बदली कलाकार, आणि तुमच्या बाकीच्या तारखा

बदली कलाकार सुचवायचा तर त्याला आधी विचारा, मग नाव द्या. ‘आमचा शिष्य पाठवतो’ असं परस्पर करू नका. लोकांनी तिकीट तुमच्या नावाचं काढलंय, पर्याय चालेल की नाही हे आयोजकाने ठरवायचं. ताईंनी दोन नावं दिली, दोघांनाही शनिवार मोकळा असल्याची खात्री करून. बदली कलाकाराचे पैसे आयोजकाने त्याला थेट द्यावेत. तुमचा परतावा तुम्हीच त्याच्याकडे वळवलात तर तिघांचा हिशेब एकमेकांत गुंततो.

याहून नाजूक गोष्ट आहे बाकीच्या तारखांची. ताईंचा पुढच्या बुधवारी एक छोटा घरगुती कार्यक्रम होता, मानधन दुप्पट. दोन आठवडे बंदी म्हणजे तोही गेला. तो आम्ही त्याच गुरुवारी, त्याच पद्धतीने रद्द केला. शनिवार मोडून बुधवारी गायल्या असत्या तर प्रमाणपत्र कितीही खरं असो, ते खोटं ठरलं असतं. बंदीच्या मुदतीतल्या सगळ्या तारखांची यादी काढा आणि सगळ्यांना एकाच दिवशी कळवा. नुसतं भाषण, सत्कार, मुलाखत असेल तरी बोलण्याची बंदी तिथेही लागू आहे.

जाहीर सूचना आयोजकाची आधी, तुमची नंतर. तुमच्या सूचनेत तिकिटांच्या परताव्याबद्दल एक शब्दही नको, तो निर्णय तुमचा नाही. ‘तिकिटांविषयी आयोजक कळवतील’ एवढं लिहा. आणि शनिवारी संध्याकाळी घरच्यांनी काढलेला हसरा फोटो कुठेही जाणार नाही हे बघा. घरात वाढदिवस असला तरी.

नंतर

प्रमाणपत्र, पत्र, व्यवहार क्रमांक आणि आयोजकाची पोच, ही चार कागदं मी त्या कार्यक्रमाच्या नावाने एकत्र ठेवली. दोन आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा डाग फिकट झाला होता, गेला नव्हता. डॉक्टरांनी आणखी दहा दिवस वाढवले. म्हणजे पत्रात पुढच्या महिन्याची तारीख दिली असती तर तीही मोडली असती.

महिन्याभराने ताईंनी पहिला फोन काकांना केला, स्वतःच्या आवाजात. तारीख मागितली नाही, तब्येत सांगितली. ‘त्या शनिवारी काय झालं शेवटी?’ असं विचारलं. काका म्हणाले, तुम्ही सुचवलेल्या दुसऱ्या बाई गायल्या, तीसेक लोकांनी तिकिटाचे पैसे परत घेतले, बाकीचे बसले. मग म्हणाले, ‘आता सांगा, गाणार कधी?’ त्यांच्यासाठी जे नवं करारपत्र केलं, त्यात आम्ही दोन ओळी घातल्या: आजारपणामुळे कार्यक्रम रद्द झाल्यास डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह कळवावं, आणि आगाऊ रक्कम कळवल्यापासून दोन दिवसांत पूर्ण परत करावी. काकांनी वाचून सही केली आणि विसार पुन्हा पाठवला, तेवढाच.